शिक्षकांच्या तणावावरचा लेख आणि 120 शब्दांचा सारांश: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वडोदऱ्यातील एका मराठी संशोधिकेने एम.एड.साठी महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमधील शिक्षकांच्या तणावावर लघुप्रबंध लिहिला होता. शाळा गुजराती माध्यमाच्या होत्या, प्रश्नावली गुजरातीत भरून घेतली होती आणि लघुप्रबंध इंग्रजीत होता. पुढे त्यावरून तिने मराठी शिक्षणविषयक नियतकालिकासाठी लेख तयार केला. लेख साडेतीन हजार शब्दांचा होता आणि तो नीट उतरला होता. नियतकालिकाची सारांशाबद्दलची अट स्पष्ट होती: एकच परिच्छेद, उपशीर्षके नाहीत, संदर्भ नाहीत, कमाल 120 शब्द, आणि त्यात उद्दिष्ट, पद्धती, निष्कर्ष व उपयोजन हे चारही आले पाहिजेत. मराठी सारांश आल्यावर इंग्रजी सारांशही त्याच मर्यादेत द्यायचा होता.

अभ्यासाचा आराखडा साधा होता. 34 शाळांमधील शिक्षकांनी दोन गोष्टी भरून दिल्या. पहिली म्हणजे जाणवणाऱ्या तणावाची दहा प्रश्नांची मापनश्रेणी. कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये केलेल्या मूळ श्रेणीचे हे छोटे रूप आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण असतात, म्हणजे एकूण गुण 0 ते 40. दुसरी म्हणजे आठवड्यात शिकवण्यात किती तास गेले आणि मतदारयादी, ऑनलाइन माहिती भरणे, मध्यान्ह भोजनाचे हिशेब अशा अशैक्षणिक कामांत किती गेले, याची नोंदपत्रिका. शिवाय 12 शिक्षकांच्या मुलाखती झाल्या होत्या.

ओळख पटू नये म्हणून इथे शाळांची संख्या आणि काही आकडे बदलले आहेत. सारांश लिहिताना जे हिशेब करावे लागले, ते मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

अडचण

पहिला मसुदा 286 शब्दांचा झाला. लांबी ही त्यातली लहान अडचण होती. मोठी अडचण अशी की एवढे शब्द वाचूनही अभ्यासात काय सापडले ते कळत नव्हते. सुरुवात अशी होती:

> आजच्या धकाधकीच्या व स्पर्धेच्या युगात शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार मानला जात असून त्याच्यावर अनेकविध जबाबदाऱ्या येऊन पडल्या आहेत.

या वाक्यात 18 शब्द आहेत आणि ते कोणत्याही शहरातल्या, कोणत्याही वर्षीच्या, शिक्षकांवरच्या कोणत्याही लेखाला लावता येईल. अशी चार वाक्ये मिळून 94 शब्द पार्श्वभूमीतच गेले होते. त्यानंतर उद्दिष्ट येत होते:

> प्रस्तुत संशोधनाचा मुख्य उद्देश वडोदरा शहरातील प्राथमिक शाळांमध्ये कार्यरत असलेल्या शिक्षकांच्या तणावाचा व त्याच्याशी निगडित असलेल्या विविध घटकांचा अभ्यास करणे हा होता.

हे वाक्य 22 शब्दांचे आहे. ‘विविध घटक’ म्हटल्यावर कोणते घटक, हे सांगायचे राहूनच जाते. आणि निष्कर्षांच्या जागी हे होते:

> अभ्यासातून अनेक महत्त्वपूर्ण निष्कर्ष प्राप्त झाले असून त्यांची सविस्तर चर्चा लेखात करण्यात आली आहे.

सारांशातले सर्वांत महागडे वाक्य हेच. नियतकालिकाची अनुक्रमणिका चाळणारा वाचक बहुधा सारांशापुढे जातच नाही, आणि त्याला इथे सांगितले जाते की निष्कर्ष आहेत, पण ते दुसरीकडे आहेत. लेखात काय आहे याची यादी देणारा सारांश परिसंवादाच्या निवेदनात चालून जातो. प्रत्यक्ष मोजमाप केलेल्या अभ्यासाच्या सारांशात निष्कर्षच द्यावे लागतात.

निष्कर्षांबद्दलची एकच आकडेवारी मसुद्यात होती, आणि तीच चुकीची होती. ‘चारपैकी तीनहून अधिक शिक्षक मध्यम किंवा तीव्र तणावाखाली आहेत’ असे तिने लिहिले होते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता काटछाटीचा: 286 शब्दांतून विशेषणे, ‘प्रस्तुत’, ‘सदर’, ‘कार्यरत असलेल्या’ असे शब्द काढत खाली यायचे. तिने तो करून पाहिला. मसुदा 171 शब्दांवर येऊन अडकला, कारण मसुद्याचा सांगाडाच पार्श्वभूमीभोवती उभा होता. काटछाट केल्याने लांबी कमी होते, पण चार भागांतले प्रमाण तेच राहते.

दुसरा पर्याय लेखाच्या प्रत्येक भागातले एक-दोन वाक्य उचलून जोडण्याचा. तो लवकर होतो, म्हणून पुष्कळ जण तोच वापरतात. पण लेखातली वाक्ये आधीच्या परिच्छेदाचा आधार घेऊन उभी असतात. ‘वरील तक्त्यावरून’, ‘या दोन्ही गटांत’ अशा शब्दांना सारांशात काहीच आधार उरत नाही.

तिसरा पर्याय मार्गदर्शक मॅडमनी सुचवला. “मसुदा बाजूला ठेव. लेखातले तक्ते समोर घे आणि फक्त त्यांच्यावरून लिही. जे तक्त्यात किंवा मुलाखतीत नाही, ते सारांशात येणार नाही.”

“पण मॅडम, सहा गृहीतकं होती. सहाही यायला नकोत का?”

“वाचकाला तुझी गृहीतकं नको आहेत गं. प्रश्न काय होता आणि उत्तर काय मिळालं, एवढंच हवंय.”

तिसरा पर्याय निवडला गेला. त्यात सर्वांत जास्त वेळ गेला, पण लिहिण्यापूर्वीच काय ठेवायचे हे ठरवणे त्याने भाग पाडले.

कृती

आधी शब्दांची वाटणी झाली: उद्दिष्टाला सुमारे 15, पद्धतीला 30, निष्कर्षांना 45 आणि मर्यादा व उपयोजनाला 30. पार्श्वभूमीला शून्य. शिक्षकांना तणाव असतो हे शिक्षणविषयक नियतकालिकाच्या वाचकाला पटवून द्यावे लागत नाही. उद्दिष्टाचे वाक्य नेमके असले की पार्श्वभूमी त्यातच येते.

*निर्णय पहिला: शिक्षकांची संख्या.* लघुप्रबंधात 212 शिक्षक होते, लेखातल्या तक्त्यांत 208. चार जणांनी मापनश्रेणीतले प्रश्न कोरे सोडले होते, म्हणून विश्लेषणातून ती उत्तरे वगळली होती. सारांशाचा मसुदा लघुप्रबंधावरून उतरवलेला असल्याने त्यात 212 राहिले होते. सारांश आणि तक्ता यांतला असा फरक परीक्षकाच्या पहिल्या वाचनात दिसतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. विश्लेषणात जितके होते तितकेच, म्हणजे 208, ठेवले. कोरी उत्तरे का वगळली, हे लेखात सांगितलेलेच आहे.

*निर्णय दुसरा: ‘तीव्र तणावाखाली’ हे वाक्य.* या मापनश्रेणीचे 0 ते 13 कमी, 14 ते 26 मध्यम आणि 27 ते 40 तीव्र असे तीन पट्टे अनेक ठिकाणी छापलेले सापडतात. संशोधिकेने तेच वापरले होते. पण श्रेणी तयार करणाऱ्यांनी असे पट्टे ठरवून दिलेले नाहीत. ही श्रेणी निदानासाठी नाही, एका गटाची दुसऱ्याशी किंवा एका व्यक्तीची वेगळ्या वेळच्या स्वतःशी तुलना करण्यासाठी आहे. मधला पट्टा इतका रुंद आहे की सरासरी 19 च्या आसपास असलेला जवळजवळ कोणताही गट ‘बहुसंख्य तणावग्रस्त’ ठरतो. वाक्य लक्षवेधी होते, वर्तमानपत्राने ते नक्कीच उचलले असते, आणि म्हणूनच ते काढणे अधिक गरजेचे होते. त्याऐवजी सरासरी गुण आणि ‘40 पैकी’ एवढेच दिले. ‘40 पैकी’ हे शब्द वाचवू नयेत. ही श्रेणी माहीत नसलेल्या वाचकाला नुसत्या 19.6 वरून काहीच कळत नाही.

*निर्णय तिसरा: संबंध की कारण.* मसुद्यात होते, ‘अशैक्षणिक कामांमुळे शिक्षकांचा तणाव वाढतो.’ मराठीत ‘मुळे’ शब्दाला चिकटून येतो, जागा घेत नाही, म्हणून शब्द वाचवताना तो सहज हाताशी येतो. पण अभ्यास एकदाच घेतलेल्या माहितीवर उभा होता आणि कामाचे तास शिक्षकांनी स्वतःच सांगितले होते. ज्याला जास्त तणाव जाणवतो तो आपले कारकुनी तास जास्तच सांगेल, ही शक्यता उघड आहे. सहसंबंध 0.41 आला होता. त्याचा वर्ग केला तर शिक्षका-शिक्षकांच्या तणावातल्या फरकापैकी सुमारे 17 टक्के फरक या तासांबरोबर चालतो, एवढेच म्हणता येते. हा संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण ‘मुळे’ म्हणण्याइतकाही नाही. शेवटी वाक्य ‘ज्यांचे तास जास्त, त्यांचे गुणही जास्त आढळले’ या घडणीचे झाले. दोन-तीन शब्द वाढले आणि ते वाढायलाच हवे होते.

*निर्णय चौथा: जे सापडले नाही ते.* वर्गातली विद्यार्थिसंख्या आणि नोकरीची वर्षे यांचा तणावाशी लक्षणीय संबंध दिसला नव्हता. संशोधिकेला हे ‘अपयशी गृहीतक’ वाटत होते. उलट हीच माहिती वाचकाच्या अपेक्षेला छेद देते, कारण भरलेला वर्ग म्हणजे तणाव, असे सगळेच धरून चालतात. दोन्ही घटक एकाच वाक्यात, 11 शब्दांत बसले. लिंग आणि शैक्षणिक पात्रता यांच्याबद्दलची गृहीतके लेखात राहिली, सारांशातून गेली.

*निर्णय पाचवा: उपयोजन.* सर्वांत लांब चर्चा इथे झाली. मसुद्याचा शेवट होता, ‘शासनाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देणे त्वरित बंद करावे.’ याला दोन हरकती होत्या. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास आधीच मनाई आहे आणि त्यातून दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीची कामे वगळलेली आहेत. म्हणजे या शिफारशीचा एक भाग कायद्यात आहेच, आणि निवडणुकीच्या कामाबाबत ती कायदा बदलण्याची मागणी ठरते. 208 शिक्षकांच्या एका शहरातल्या अभ्यासावर एवढा भार टाकता येत नाही. दुसरी हरकत अधिक महत्त्वाची होती. मुलाखतींत शिक्षक कामाच्या ढिगाऱ्याबद्दल तितके बोललेच नव्हते. ते बोलले होते तास चालू असताना येणाऱ्या फोनबद्दल, ‘आज दुपारपर्यंत यादी पाठवा’ या निरोपाबद्दल, आणि फळ्यावर अर्धवट राहिलेल्या गणिताबद्दल. उपयोजन या माहितीतून निघायला हवे होते: सूचना आगाऊ मिळावी आणि शिकवण्याचे तास त्यातून सुटावेत. तेही शिफारस म्हणून न मांडता, तपासून पाहण्याची गोष्ट म्हणून मांडले.

संशोधिकेला हे फिके वाटले. तिची तगमग समजण्यासारखी होती, कारण त्या 12 मुलाखती तिने स्वतः घेतल्या होत्या. पण नेमके उपयोजन एखाद्या पर्यवेक्षकाच्या कामी येते. ‘त्वरित बंद करावे’ वाचून त्याला काहीच करता येत नाही.

शब्दमोजणीबद्दल थोडे सांगणे जरूर आहे. संगणकावरचा शब्दमोजक मोकळ्या जागेवरून मोजतो. `r = 0.41` असे लिहिले तर ते तीन शब्द होतात, `r=0.41` लिहिले तर एक. ‘कारण-परिणाम’ जोडरेषेने एकच मोजला जातो. मराठीतले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहायची असल्याने ‘शिक्षकांमध्ये’ हा एकच शब्द. शब्द वाचवण्यासाठी ‘करण्यातआली’ असे जोडून लिहिलेले सारांश संपादकांकडे येतात आणि ते लगेच डोळ्यात भरतात. खरी बचत क्रियापदांत असते: ‘मुलाखती घेण्यात आल्या’ऐवजी ‘मुलाखती घेतल्या’, ‘असे दिसून आले की’ऐवजी थेट ‘आढळले’. बरोबरचिन्हाभोवतीच्या मोकळ्या जागा मात्र तिने ठेवल्या. वाचायला तेच बरे आणि त्यासाठी दोन शब्द खर्च करायला हरकत नव्हती.

पाठवलेला सारांश असा:

> प्राथमिक शिक्षकांचा तणाव कामाच्या कोणत्या भागाशी जोडलेला आहे, याचा शोध या अभ्यासात घेतला. वडोदरा शहरातील 34 महानगरपालिका शाळांमधील 208 शिक्षकांकडून दहा प्रश्नांची जाणवणाऱ्या तणावाची मापनश्रेणी आणि कामाच्या तासांची नोंदपत्रिका भरून घेतली. त्यांपैकी 12 जणांच्या मुलाखती घेतल्या. शाळा सोयीनुसार निवडल्या होत्या. तणावाचा सरासरी गुण 40 पैकी 19.6 होता. अशैक्षणिक कामाचे साप्ताहिक तास जास्त असलेल्या शिक्षकांमध्ये तणावाचे गुणही जास्त आढळले (r = 0.41), वर्गातील विद्यार्थिसंख्या आणि नोकरीची वर्षे यांचा तणावाशी लक्षणीय संबंध आढळला नाही. मुलाखतींत कामाच्या प्रमाणापेक्षा ऐनवेळी येणाऱ्या सूचना आणि त्यामुळे मध्येच सोडावा लागणारा तास यांचा उल्लेख अधिक झाला. अभ्यास एकाच वेळच्या माहितीवर आधारित असल्याने कारण-परिणाम ठरवता येत नाही. तरीही अशैक्षणिक कामाची सूचना शाळेला आगाऊ मिळाली आणि अध्यापनाचे तास त्यातून वगळले, तर तणाव कमी होतो का, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

एकूण 119 शब्द: उद्दिष्ट 13, पद्धती 27, निष्कर्ष 48, मर्यादा व उपयोजन 31.

निष्पत्ती

लेख किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारला गेला. सारांशाबद्दल परीक्षकांचे दोन प्रश्न होते आणि दोन्ही रास्त होते.

माहिती कोणत्या महिन्यात गोळा केली? ही मापनश्रेणी ‘गेल्या महिन्याभरात’ काय जाणवले ते विचारते. त्यामुळे तीच प्रश्नावली जूनमध्ये प्रवेशाच्या गडबडीत भरली, दिवाळीच्या सुट्टीनंतर भरली किंवा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर भरली, तर गुण वेगळे येऊ शकतात. 19.6 हा आकडा महिन्याशिवाय अपुरा आहे. पहिल्या लांब मसुद्यात महिना होता. नव्याने लिहिताना तो निसटला, कारण तो तक्त्यांत नव्हता, लेखाच्या पद्धती विभागातल्या एका वाक्यात होता. ‘208 शिक्षकांकडून’ या शब्दांनंतर ‘फेब्रुवारीत’ घातले आणि संख्या बरोबर 120 झाली.

दुसरा प्रश्न: श्रेणी कोणत्या भाषेत वापरली? मराठी लेखाचा वाचक प्रश्नावलीही मराठीच धरणार. पण वडोदऱ्याच्या शाळांत ती गुजरातीत भरली गेली होती, आणि भाषांतरित श्रेणीची विश्वसनीयता वेगळी तपासावी लागते. ‘मापनश्रेणी’च्या आधी ‘गुजराती’ हा शब्द हवा होता आणि एकही शब्द शिल्लक नव्हता. शेवटच्या वाक्यातला ‘तरीही’ काढला. आधीच्या वाक्याशी असलेला विरोध त्याच्याशिवायही लक्षात येतो.

वेगळे काय करता आले असते

‘फक्त तक्त्यांवरून लिही’ ही सूचना उपयोगी ठरली, पण अपुरी होती. तक्त्यांत किती आणि कोण हे असते. केव्हा आणि कोणत्या भाषेत हे नसते. तक्त्यांबरोबर पद्धती विभागातून निदान चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायला हव्या होत्या: ठिकाण, महिना, साधनाची भाषा आणि निवडीची पद्धत. तणावाच्या अभ्यासात यांतला महिना सर्वांत आधी विसरला जातो आणि त्याचाच परिणाम सर्वांत जास्त असतो.

मुलाखतींच्या निष्कर्षात ‘उल्लेख अधिक झाला’ हे शब्द मोघम राहिले. 12 पैकी किती जणांनी ऐनवेळच्या सूचनांचा विषय स्वतःहून काढला, हे संकेतन करताना मोजून ठेवले असते तर तेवढ्याच शब्दांत आकडा देता आला असता. लेख लिहिताना ही मोजणी मागे जाऊन करणे शक्य होते, पण मुदत जवळ आल्यामुळे ती राहिली. परीक्षकांनी विचारले नाही म्हणून वाक्य तसेच छापले गेले.

आणि क्रम. मराठी सारांश आधी पूर्ण केला आणि त्याचे इंग्रजी नंतर केले, तेव्हा ते 160 शब्दांच्या पुढे गेले. मराठीत ‘तणावाशी’, ‘शाळांमधील’, ‘शिक्षकांकडून’ हे एकेक शब्द आहेत. इंग्रजीत प्रत्येकाचे दोन-तीन होतात आणि उपपदे वेगळी. दोन्हींना 120 चीच मर्यादा असल्याने इंग्रजीतून मुलाखतींचे वाक्य अर्धे करावे लागले आणि नोकरीच्या वर्षांचा उल्लेख गेला, म्हणजे दोन सारांश दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागले. इंग्रजी आधी लिहिला असता तर काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे अधिक अरुंद जागेत ठरले असते, आणि तोच मजकूर मराठीत आणताना 30-35 शब्द हातात राहिले असते. महिना, गुजराती आणि मुलाखतींतला नेमका आकडा, तिन्ही त्यात मावले असते.